खड्डा खोल जातो, तक्ता मात्र तिथेच: निरीक्षण आराखडे मंजूर करणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
खोल खोदकामांच्या भू-हालचाल निरीक्षण आराखड्यांवर मंजुरीची सही करणारे सर्व अभियंते

स. न. वि. वि.

गेली बरीच वर्षे मी खोदकामांच्या जागी उपकरणं वाचते. सकाळी भिंतीचं सरकणं मोजायला इन्क्लिनोमीटरचा प्रोब नळीत सोडायचा, लेव्हलने शेजारच्या इमारतीचे बिंदू घ्यायचे, लोड सेलचे आकडे उतरवायचे, आणि दुपारी सगळं कागदावर आणायचं. आराखडा मी लिहीत नाही, मंजूरही करत नाही. पण त्यातला प्रत्येक आकडा शेवटी माझ्या वहीत येऊन पडतो, म्हणून तो कुठे उपयोगी पडला आणि कुठे नुसताच बसून राहिला हे मला जवळून दिसतं. या पत्रात आराखड्याच्या एकाच पानाबद्दल बोलायचं आहे: इशाऱ्याच्या पातळ्यांचं पान. ते पान तुमच्या टेबलावरून सहसा सर्वांत लवकर पुढे सरकतं.

एका जागेची गोष्ट सांगते. जागेचं आणि माणसांचं नाव सांगण्याची गरज नाही, कारण असा आराखडा मी नंतरही अनेकदा पाहिला आहे. खड्डा १४ मीटर खोल जायचा होता. भोवती ८०० मिमी जाडीची डायफ्रॅम वॉल आणि तिला आतून टेकू द्यायला पोलादी स्ट्रटच्या तीन ओळी. भिंतीपासून ५ मीटरवर उथळ पायाची, विटांच्या भारवाही भिंतींची जुनी इमारत. काम चार टप्प्यांत होतं: आधी २.५ मीटर खोदून पहिली स्ट्रट ओळ, मग ६ मीटरपर्यंत जाऊन दुसरी, १० मीटरपर्यंत जाऊन तिसरी, आणि शेवटी १४ मीटरवर तळाचा स्लॅब.

डिझायनरने भिंतीच्या आतल्या बाजूच्या सरकण्याचे दोन अंदाज काढले होते. एक, माती बहुधा जशी असेल तशी धरून. दुसरा, ती वाईटात वाईट निघेल असं धरून, म्हणजे डिझाइनची मर्यादा. पहिला अंदाज टप्प्यागणिक ५, ११, १८ आणि २६ मिमी होता. दुसरा ८, १७, २८ आणि ४० मिमी. हे आठ आकडे डिझाइनच्या अहवालात व्यवस्थित छापलेले होते. निरीक्षण आराखड्यात मात्र त्यातला एकच पोहोचला: शेवटचा ४०. त्याचे ७० टक्के म्हणजे २८ मिमी ही ‘सावध’ पातळी, ४० ही ‘थांबा’ पातळी, आणि या दोन्ही पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्याच. वाचन आठवड्यातून एकदा. खाली मंजुरीची सही.

दुसऱ्या टप्प्यात भिंत १६ मिमी सरकली. माझ्या अहवालात ती ओळ हिरवी होती, कारण १६ हा आकडा २८ पेक्षा बराच कमी आहे. प्रत्यक्षात अंदाज होता ११ आणि डिझाइनची मर्यादा १७. म्हणजे मर्यादेला एक मिलिमीटर उरला होता आणि आमचा कागद सगळं ठीक असल्याचं सांगत होता. मी अहवालाखाली एक टीप लिहिली. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही, आणि त्याबद्दल मी कुणाला फार दोषही देत नाही. ज्या पानावरची प्रत्येक चौकट हिरवी असते, त्या पानाची टीप कोण वाचतं?

कारण शोधायला लांब जावं लागलं नसतं. एका बाजूच्या पट्ट्यात पोकलेनला वळायला जागा नव्हती, म्हणून ६ ऐवजी ७.२ मीटरपर्यंत खोदलं गेलं होतं आणि दुसऱ्या ओळीचे स्ट्रट सहा दिवस उशिरा बसले होते. जास्तीच्या १.२ मीटर मातीचा आधार गेला आणि तेवढ्यात भिंत वाकली. त्या वेळी उपाय स्वस्त होते. पुढचा टप्पा छोट्या पट्ट्यांत खोदायचा, भिंतीला लागून मातीचा उतार शेवटपर्यंत राखायचा, तिसऱ्या ओळीला बसवतानाच जॅकने दाब द्यायचा. यातल्या कशालाही काम थांबवावं लागत नाही.

तिसऱ्या टप्प्यात एका वाचनाला आकडा २३ होता, तोही हिरवाच. पुढच्या आठवड्यात तो २९ झाला आणि पहिल्यांदा ‘सावध’ लागलं. त्या टप्प्याची डिझाइनची मर्यादा २८ होती. नीट पाहा: सावध करणारी घंटा वाजली तेव्हा भिंत डिझाइनने घालून दिलेली मर्यादा ओलांडून गेली होती. वाचन शुक्रवारचं, अहवाल पोहोचला बुधवारी, आणि त्या मधल्या दिवसांत खोदकाम चालूच होतं. शेजारच्या इमारतीचा खड्ड्याकडचा कोपरा तोवर १९ मिमी खचला होता आणि त्याच भिंतीवरचा ६ मीटर आतला बिंदू ५ मिमी. फरक १४ मिमी, म्हणजे साधारण १/४३०. अशा इमारतींसाठी १/५०० ही सुरक्षित सीमा १९५० च्या दशकापासून वापरात आहे; ६ मीटरला ती १२ मिमी पडते. जिन्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, ३ मिमी रुंदीची. रहिवाशांनी आम्हाला फोन केला, आम्ही त्यांना नाही.

काम काही आठवडे थांबलं, स्ट्रटची एक जादा ओळ घालावी लागली, आणि बैठकीत सगळ्यांनी पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हटलं: आपण आराखड्याप्रमाणेच वागलो. ते खरं होतं.

म्हणून माझी पहिली विनंती. प्रत्येक टप्प्याला स्वतःची पातळी हवी. डिझाइनच्या अहवालातले आठ आकडे निरीक्षणाच्या पानावर आठही यायला हवेत, आणि रोजच्या वाचनाशेजारी त्या दिवसाची खोदाईची खरी खोली लिहिलेली हवी, प्रत्येक पट्ट्याची वेगळी. खोली न लिहिता नुसतं सरकणं लिहिणं म्हणजे वय न विचारता मुलाचं वजन लिहिण्यासारखं आहे.

पण टप्पे पाडल्यावरही ७० टक्के हा आकडा शिल्लक राहतो. तो कुठून आला असं मी वेगवेगळ्या जागी विचारलं आहे आणि बहुतेकदा उत्तर मिळालं की मागच्या आराखड्यातून. इशाऱ्याची पातळी मर्यादेपासून किती खाली हवी हे एका साध्या गुणाकाराने निघतं, आणि तो गुणाकार करायला लावणं तुमच्या हातात आहे.

त्याच जागेचा तिसरा टप्पा घेऊ. मर्यादा २८ मिमी. खोदाई जोरात असताना भिंत दिवसाला २ मिमीपर्यंत सरकू शकते असं मागच्या टप्प्यांवरून दिसत होतं. आता विचारायचं की भिंत पातळी ओलांडते त्या क्षणापासून तिला खरोखर आधार मिळेपर्यंत किती वेळ जातो. वाचन रोज एकदा असेल तर वाईटात वाईट एक दिवस कुणाला कळतच नाही. वाचल्यावर आकडेमोड, तपासणी आणि फोन यात अर्धा दिवस. आणि राखीव स्ट्रट जागेवर असेल तर तो उतरवून, भिंतीलगतच्या आडव्या तुळईला म्हणजे वेलरला भिडवून, वेल्डिंग करून जॅक करायला दोन दिवस. एकूण साडेतीन दिवस, दिवसाला २ मिमी, म्हणजे ७ मिमी. त्यात इन्क्लिनोमीटरच्या वाचनातली अनिश्चितता २ मिमी धरली की ९. अठ्ठावीसातून नऊ गेले, १९ मिमी. त्या टप्प्याची ‘सावध’ ओळ १९ वर हवी. बहुधा होईल असा अंदाज १८ होता, म्हणजे काम अंदाजाप्रमाणे चाललं तर घंटा उगाच वाजणारही नाही.

आता तोच गुणाकार आठवड्याच्या वाचनाने करून पाहा. सात दिवस वाचनाचे, दोन दिवस अहवालाचे, दोन दिवस कामाचे: अकरा दिवस, बावीस मिमी, अधिक दोन. सावध ओळ ४ मिमीवर येते, म्हणजे पहिला टप्पा धड संपण्याआधीच. याचा अर्थ असा की दिवसाला २ मिमी सरकू शकणाऱ्या भिंतीसाठी आठवड्याचं वाचन चालतच नाही, पातळी कुठेही ठेवा. वाचनाची वारंवारता आणि इशाऱ्याची पातळी या एकाच समीकरणातल्या दोन बाजू आहेत. आराखड्यांत मात्र त्या वेगवेगळ्या प्रकरणांत, बहुधा वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या असतात. राखीव स्ट्रट जागेवर नसून बाहेरून आणायचा असेल आणि आणून बसवायला दोनऐवजी एकूण पाच दिवस लागणार असतील, तर तेही याच गुणाकारात पडतं आणि ओळ आणखी ६ मिमी खाली येते. ठेकेदाराला स्ट्रट आणून ठेवणं परवडत नाही असं तो म्हणाला, तर त्याला हा हिशोब दाखवावा. तो लगेच समजतो.

वेगाबद्दल आणखी थोडं. दोन भिंती सारख्याच १६ मिमी सरकलेल्या असू शकतात. एक गेल्या चार दिवसांत ०.१ मिमीही हललेली नाही, दुसरी रोज १ मिमी चालली आहे. पहिलीची गोष्ट संपलेली आहे, दुसरीची चालू आहे, म्हणून पातळीच्या शेजारी वेगाचीही एक मर्यादा हवी. त्यातही मी एक गोष्ट वेगळी काढून पाहते: खोदकाम बंद असलेल्या दिवशी भिंत काय करते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कुणी एक बादली माती काढलेली नसताना भिंत सरकत राहिली, तर कारण खोदाई नाही. मऊ चिकणमाती हळूहळू सरकत असेल, तळाकडून पाणी वर येत असेल, किंवा स्ट्रट आणि वेलरच्या सांध्यात काहीतरी चेपत असेल. अशा वेळी ‘खोदकाम थांबवले’ हा उपाय आधीच लागू आहे आणि त्याने काही झालेलं नाही. ही परिस्थिती बहुतेक आराखड्यांत लिहिलेलीच नसते.

आता घंटा वाजल्यावर काय. बहुतेक आराखड्यांत ‘सावध’पुढे असतं: संबंधितांना कळवावे व निरीक्षण वाढवावे. ‘थांबा’पुढे असतं: योग्य ती उपाययोजना करावी. रात्री अकरा वाजता, पाळीवर एक सुपरवायझर आणि मी असताना, या वाक्यांचं काय करायचं ते सांगा. संबंधित म्हणजे कोण? त्याचा फोन लागला नाही तर दुसरा कोण? आणि काम थांबवण्याचा अधिकार त्या क्षणी जागेवर हजर असलेल्या कुणाकडे आहे?

मला जे लिहिलेलं हवं आहे ते असं. सावध ओळ ओलांडली की त्या पट्ट्यातली पुढची खोदाई त्याच पाळीत थांबेल, बाकी काम चालू राहील. पाळीचा प्रमुख ते थांबवेल आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागणार नाही. डिझायनरला दोन तासांत फोन जाईल. नुसता ईमेल नव्हे, फोन, कारण ईमेल पाठवल्याची नोंद राहते, वाचल्याची राहत नाही. त्या भागातलं वाचन दिवसातून दोनदा होईल आणि २४ तासांत डिझायनर लेखी सांगेल की पुढे कसं जायचं. लाल म्हणजे ‘थांबा’ ओळ ओलांडली तर सगळ्या बाजूंची खोदाई बंद, खड्ड्यातली माणसं त्या भिंतीपासून दूर, आणि आधीच ठरलेल्या उपायांपैकी पहिला ताबडतोब सुरू. पहिला उपाय बहुधा सगळ्यांत गावठी असतो: काढलेली माती परत भिंतीच्या पायाशी ओतायची. त्यासाठी तेवढी माती जागेवर राखून ठेवलेली हवी. शेवटचा डंपर निघून गेल्यावर ती सापडत नाही.

यात एक मोठी पळवाट आहे आणि ती बंद केल्याशिवाय वरचं सगळं व्यर्थ आहे. ती म्हणजे ‘वाचन चुकलं असेल’. खरं सांगायचं तर कधी कधी ते चुकलेलं असतंही. मी स्वतः चुका केल्या आहेत. प्रोबचं चाक खाचेतून सुटतं, केबलवरची खूण अर्ध्या मीटरने चुकते, कुणीतरी नळीच्या तोंडावर पहार आपटलेली असते. म्हणूनच प्रत्येक नळी दोनदा वाचतात, एकदा प्रोब सरळ आणि एकदा अर्धा फिरवून. दोन्ही वाचनांची बेरीज नळीभर जवळजवळ स्थिर राहायला हवी. एखाद्या खोलीवर ती उडी मारत असेल तर वाचन संशयास्पद. ही तपासणी जागेवरच पाच मिनिटांत होते. पण नियम असा हवा की पुन्हा वाचणं आणि कळवणं एकाच वेळी सुरू होईल, आणि चार तासांत दुसरं वाचन मिळालं नाही तर पहिलं खरं धरलं जाईल. चुकीच्या घंटेने एका पट्ट्याचं अर्ध्या दिवसाचं काम जातं. खऱ्या घंटेला चूक म्हटलं तर काय जातं ते वर लिहिलंच आहे.

उपकरणांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्या चुका पातळ्यांत मिसळतात. इन्क्लिनोमीटर नळीचं खालचं टोक स्थिर आहे असं गृहीत धरून सगळी बेरीज वर येते. नळी भिंतीच्या तळाशीच संपत असेल आणि भिंतीचा तळच आत सरकत असेल, तर वाचनात ते दिसत नाही आणि आकडा खोटा लहान येतो. नळी भिंतीच्या खाली निदान तीनेक मीटर घट्ट थरात जायला हवी, किंवा तिचं तोंड दर वेळी बाहेरून सर्व्हेने बांधून घ्यायला हवं. तसंच, ज्या बेंचमार्कवरून खचणं मोजतो तो खड्ड्याच्या परिणामाबाहेर हवा. खोलीच्या दुपटी-तिपटीपर्यंत जमीन हलू शकते, म्हणजे १४ मीटर खड्ड्यासाठी ४० मीटरच्या आतला बेंचमार्क मी मानत नाही. तो शेजारच्याच पायरीवर ठेवलेला पाहिला आहे. पायरी आणि इमारत एकत्र खचत होती आणि फरक शून्य येत होता.

सुरुवातीचं वाचन खोदाईच्या आदल्या दिवशी एकदा घेऊन भागत नाही. निदान तीन फेऱ्या, दोन-तीन आठवड्यांत पसरलेल्या, आणि त्याही डायफ्रॅम वॉलचे चर खणायला सुरुवात होण्यापूर्वी. भिंत घालतानाच शेजारची जमीन काही मिलिमीटर खचते. वाचन त्यानंतर सुरू केलं तर ते मिलिमीटर कुणाच्याच हिशोबात येत नाहीत, इमारतीच्या भिंतीत मात्र येतात.

लोड सेलच्या बाबतीत उलटी गंमत होते, तिथे घंटा उगाच वाजते. दोन्ही टोकांना पूर्ण जखडलेला पोलादी स्ट्रट एक अंश सेल्सियस तापला की त्यात सुमारे २.५ मेगापास्कल दाब वाढतो. २४० चौरस सेंटिमीटर छेदाच्या स्ट्रटला हे जवळपास ६ टन होतात. भिंत आणि माती थोडी मागे सरकते म्हणून प्रत्यक्षात निम्मं धरा, ३ टन. पहाटे आणि दुपारी स्ट्रटच्या तापमानात १२ अंशांचा फरक असला तर ३६ टनांची चढउतार निव्वळ उन्हामुळे. ज्या आराखड्यात भाराची पातळी आहे पण वाचनाची वेळ आणि स्ट्रटचं तापमान लिहायला रकाना नाही, त्यात दुपारी पिवळा दिवा लागेल आणि पहाटे विझेल. आठवडाभरात त्या दिव्याकडे कुणी पाहायचं बंद करेल. रोज एकाच वेळी, शक्यतो सूर्योदयापूर्वी वाचलं की खरी वाढ उघडी पडते. पण दुपारचा तो जादा भार खराच असतो, म्हणून डिझाइनच्या हिशोबात तो धरलेला आहे ना हे तुम्ही तपासायचं आहे, मी नाही.

पाण्याला स्वतंत्र ओळ हवी. भिंत अजिबात न हलता शेजारची इमारत खचू शकते, जर खड्ड्यातला उपसा भिंतीच्या फटींतून किंवा खालून बाहेरचं पाणी ओढत असेल. पिझोमीटरमध्ये बाहेरच्या पाण्याची पातळी उतरताना दिसते आणि मऊ मातीत खचणं त्यामागून, कधी कित्येक आठवड्यांनी येतं. म्हणजे पिझोमीटर हा आधी बोलणारा साक्षीदार आहे. आणि उपशाचं पाणी गढूळ येऊ लागलं तर कुठल्याही पातळीची वाट पाहायची नाही. पाण्याबरोबर बाहेरची मातीच आत येत असते.

एक गोष्ट सगळ्या उपकरणांच्या बाहेरची आहे. २० एप्रिल २००४ ला सिंगापूरमध्ये निकोल हायवेजवळ मेट्रोचं सुमारे ३० मीटर खोल खोदकाम कोसळलं आणि चार जण मेले. स्ट्रटच्या नऊ ओळी बसल्या होत्या, दहावीसाठी खोदाई चालू होती. एका इन्क्लिनोमीटरने तोवर ४०० मिमीहून अधिक सरकणं नोंदवलेलं होतं. म्हणजे आकडे होते. चौकशीत पुढे आलेल्या गोष्टींत एक ही होती की वाचनं पातळी ओलांडू लागली तेव्हा मागे जाऊन विश्लेषण पुन्हा केलं गेलं, मातीचे गुणधर्म वाचनांशी जुळवून घेतले गेले आणि त्यातून पातळ्या वर सरकवल्या गेल्या. मूळ दोष मातीच्या ताकदीच्या हिशोबात आणि स्ट्रट-वेलरच्या सांध्यात होता. शेवटच्या दिवशी सकाळी माणसांनी धाडधाड आवाज ऐकले होते आणि वेलर वाकलेले पाहिले होते.

यातून माझ्या दोन मागण्या निघतात. डोळ्यांनी पाहणं आणि कानांनी ऐकणं याला आराखड्यात उपकरणांइतकीच जागा द्या: रोज एक फेरी, ठरलेल्या माणसाची, वेलर, सांधे, भिंतीतली गळती आणि शेजारच्या भेगा पाहणारी, आणि वाकलेला सांधा किंवा नवा आवाज म्हणजे आकडे काहीही असोत थेट लाल. दुसरी, पातळ्या बदलण्याचा रस्ता अरुंद करा. मागे जाऊन विश्लेषण करणं वाईट नाही, पहिले दोन टप्पे पाहून पुढचा अंदाज सुधारणं शहाणपणाचंच आहे. पण नवी पातळी मूळ डिझायनर एकटा ठरवू नये, तपासणारा स्वतंत्र असावा. आणि बदलाच्या कागदावर एकच प्रश्न छापलेला असावा: भिंतीची आणि स्ट्रटची ताकद नव्या आकड्यालाही पुरते का, याचा हिशोब कुठे आहे? शेजारच्या इमारतीची १/५०० तर कुठल्याच विश्लेषणाने बदलत नाही. तिच्या विटांनी काही नवं डिझाइन वाचलेलं नसतं.

अहवालाबद्दल. मी आठवड्याला ६० पानांचे अहवाल पाठवले आहेत आणि ते जिथे जातात त्या कपाटाचीही मला कल्पना आहे. रोज एक पान पुरे. त्यावर सगळ्यांत जास्त सरकलेल्या तीन जागा, त्यांचा टप्प्याच्या ओळींशी संबंध, मागच्या तीन दिवसांचा वेग, आणि एकच आलेख: आडवी तारीख, वर सरकणं, खाली त्याच तारखेला खोदाईची खोली. हा आलेख एकदा सवयीचा झाला की माणूस नुसता बघून सांगतो की कोणत्या दिवशी जास्त खोदलं. वाचन झालं त्याच दिवशी हे पान डिझायनर, ठेकेदार आणि तुमच्याकडे यावं. सविस्तर अहवाल आठवड्याचा असू दे, त्यात डिझायनरची दोन ओळींची स्वतःच्या हातची टिप्पणी असू दे.

वारंवारता मी अशी ठेवेन. भिंत घालताना आठवड्यातून दोनदा. खोदाई चालू असलेल्या बाजूला रोज, दूरच्या बाजूला दोन दिवसांआड. तळाचा स्लॅब ओतून तो पुरेसा घट्ट होईपर्यंत रोजच, कारण सगळ्यांत खोल आणि सगळ्यांत उघडा खड्डा तेव्हाच असतो. मग आठवड्यातून एकदा. आणि इथे बहुतेक आराखडे संपतात. खड्डा खोदून झाला, स्लॅब ओतून झाला, निरीक्षणाची निविदा संपली, माझी बदली झाली. मग दोन महिन्यांनी तळघराच्या भिंती वर येतात आणि स्ट्रट एकेक करून काढले जातात. प्रत्येक स्ट्रट काढताना त्याचा भार वरच्या ओळीवर आणि नव्या स्लॅबवर जातो, भिंत पुन्हा सरकते, आणि त्या दिवशी वाचायला कुणी नसतं. तिसऱ्या ओळीचा स्ट्रट काढण्याच्या आदल्या दिवशी एक वाचन, काढल्यावर त्याच दिवशी दुसरं, पुढचे तीन दिवस रोज, आणि या टप्प्यांच्याही स्वतःच्या ओळी. मग शेवटचा स्ट्रट निघाल्यावर इमारतीचे बिंदू सलग तीन महिने, हालचाल लेव्हलच्या अचूकतेपेक्षा कमी होईपर्यंत.

पुढचा आराखडा सहीसाठी समोर आला की पातळ्यांच्या पानावर ‘स्ट्रट काढणे’ अशी ओळ आहे का, तेवढं पाहा. नसेल तर ते पान परत पाठवा.

कळावे,

आपली नम्र,
जागेवर उपकरणं वाचणारी एक अभियंता